विकणे, घेणे, पडणे: क्रियापदामागचा व्यवहार

पुढील चार वाक्ये पाहा.

सुमाने रमेशला सायकल दोन हजारांना विकली.
रमेशने सुमाकडून सायकल दोन हजारांना विकत घेतली.
रमेशने सायकलीसाठी दोन हजार मोजले.
सायकल रमेशला दोन हजारांना पडली.

व्यवहार एकच आहे. चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने 1970 नंतरच्या लेखनात असे मांडले की, यातले एकही क्रियापद सुटेपणाने समजत नाही. ते समजायला खरेदी-विक्रीचे पूर्ण दृश्य मनात असावे लागते. त्या दृश्यात ग्राहक, विक्रेता, वस्तू आणि पैसा अशा चार भूमिका असतात. या पार्श्वभूमीला तो ‘फ्रेम’, म्हणजे चौकट, म्हणतो. क्रियापद चौकट जागी करते आणि तिच्यातल्या कोणाला पुढे आणायचे तेही ठरवते.

‘विकणे’ विक्रेत्याला कर्ता करते, ‘विकत घेणे’ ग्राहकाला. ‘मोजणे’मध्ये पैसा कर्म होतो आणि विक्रेता वाक्याबाहेर जातो. ‘पडणे’ सर्वांत मजेदार आहे: इथे वस्तूच कर्ता आहे आणि ग्राहकाला ‘-ला’ लागतो. ‘सायकल सुमाकडून रमेशला दोन हजारांना पडली’ हे कानाला खटकते, कारण हे क्रियापद फक्त ग्राहकाच्या खिशाकडे पाहते.

विभक्तीवरून भूमिका ओळखू असे वाटेल, पण पहिल्या वाक्यात ‘रमेशला’ आणि ‘दोन हजारांना’ या दोन्ही पदांना एकच प्रत्यय आहे (‘-ना’ हे ‘-ला’चेच अनेकवचन). एक ग्राहक, दुसरी किंमत. हा भेद प्रत्यय सांगत नाही, चौकट सांगते.

न बोललेली भूमिका तरीही हजर असते, याची एक सोपी चाचणी आहे. ‘रमेशने सायकल विकत घेतली. किंमत जरा जास्तच होती.’ कोणती किंमत, असे कोणी विचारत नाही. आता पहिले वाक्य ‘रमेशने सायकल पुसली’ असे करा. दुसरे वाक्य लगेच अधांतरी वाटते, कारण पुसण्याच्या चौकटीत किंमतीला जागा नाही.

मग विकणे आणि घेणे यांची चौकट एकच मानायची का? फिलमोर यांच्या पुढाकाराने बर्कली येथे 1997 मध्ये सुरू झालेल्या फ्रेमनेट या कोशात त्यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांना दोन वेगळ्या चौकटी दिल्या आहेत आणि त्या एकाच व्यवहाराकडे पाहण्याच्या दोन बाजू म्हणून जोडल्या आहेत. मराठीत हे नाते शब्दातच दिसते: ‘विकत घेणे’ आणि ‘विकत देणे’ या दोहोंत ‘विकत’ सामाईक आहे, दिशा तेवढी बदलते.

चौकट ताणलीही जाते. ‘विकतचे दुखणे’ म्हणताना विक्रेता कोणीच नसतो, पैसाही हलत नाही. आपणहून घेतले आणि त्याची किंमत मोजावी लागली, एवढाच भाग उरतो.