निशाणी ५ चा अर्ज

दिवाणी दाव्याच्या निकालाला वर्षं लागतात. इमारतीचा स्लॅब काही महिन्यांत पडतो. म्हणून वकील दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतात. महाराष्ट्रातल्या कोर्टांत तो ‘निशाणी ५’ म्हणून ओळखला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ हा त्याचा आधार.

समजा, वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे सहा गुंठ्यांचा प्लॉट आणि तीन भावंडं. थोरल्या भावाने रस्त्याकडच्या निम्म्या जागेत पाया खणला. बहिणीने वाटपाचा दावा लावला आणि बांधकामाला मनाई मागितली.

कोर्ट आधी प्रथमदर्शनी केस पाहतं. म्हणजे बहीण शेवटी जिंकेल का, हे नव्हे. मालकी सिद्ध करायची वेळ अजून आलेली नसते. साक्षीपुरावा पुढे व्हायचा असतो. गंभीरपणे तपासावा असा हक्काचा प्रश्न उभा राहतो का, एवढंच बघायचं. सर्वोच्च न्यायालयाने दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. इथे मिळकत पत्रिकेवर वडिलांचं नाव आणि वारसाचा पुरावा पुरेसा ठरेल. पण भावाने बहिणीच्या सहीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुढे केलं, तर तिची बाजू लंगडी होते. तिने ते अर्जात दडवलं असेल, तर मनाई त्याच कारणावरून नाकारली जाऊ शकते.

खरी ओढाताण सोयी-गैरसोयीच्या तुलनेत होते. मनाई दिली आणि बहीण हरली, तर भावाचं काय जाईल? नाकारली आणि ती जिंकली, तर तिचं काय जाईल? पाया खणताना ती कोर्टात आली, तर काम थांबल्याने भावाचा फार तर खर्च वाढेल. उलट इमारत उभी राहिली, तर मोक्याचा भाग तिच्या वाट्याला येणं जवळजवळ संपतं. तीच बहीण दुसरा स्लॅब पडल्यावर आली, तर पारडं फिरतं. इतके दिवस गप्प का, या प्रश्नाचं उत्तर तिला द्यावं लागतं. माझ्या मते बरेच अर्ज कायद्यापेक्षा या उशिरानेच पडतात.

तिसरी कसोटी भरून न येणाऱ्या नुकसानीची. पैशांत पुरेशी भरपाई होणार असेल, तर कोर्ट सहसा हात आखडता घेतं. यांतली एक कसोटी जरी साधली नाही, तरी मनाई मिळणं कठीण.

अशा वेळी कोर्ट मधला मार्गही काढतं: भावाने स्वतःच्या जोखमीवर बांधावं, पण नंतर खर्च दाखवून जादा हक्क सांगू नये. बहिणीला हा आदेश पराभवासारखा वाटतो. मात्र वाटपात तो बांधलेला भाग भावाकडेच गेला, तरी मोक्याच्या जागेची किंमत धरून फरकाची रक्कम मागायला तिला वाव उरतो.