डोळ्यांची रेषा एक हवी

क्लबच्या वेबसाइटवर सगळ्या सभासदांचे फोटो टाकायचे ठरले की ते काम बहुधा एखाद्या हौशी कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतं. गिर्यारोहण क्लब असेल तर ग्रुपवर आवाहन करताच फोटो येऊ लागतात. कुणाचा राजगडावरचा गॉगल लावलेला, कुणाचा भाच्याच्या लग्नातला, कुणाचा जुना पासपोर्टचा. मागचं दृश्य कापून टाकलं आणि नुसते चेहरे ठेवले की सगळे एकसारखे दिसतील, असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. पार्श्वभूमी गेली की नजरेसमोर फक्त डोकी उरतात, आणि मग एकाचं डोकं भोपळ्याएवढं, शेजारच्याचं लिंबाएवढं हे लगेच खुपतं. म्हणून कापाकापीच्या आधी माप ठरवायला हवं.

माप डोक्याच्या उंचीवर धरू नये. कुणाचे केस फुगलेले असतात, कुणाला टक्कल असतं, कुणी टोपी किंवा फेटा घालून येतं. यातलं काही बदललं तरी न बदलणारं अंतर म्हणजे बुबुळांपासून हनुवटीच्या टोकापर्यंतचं. ८०० बाय ८०० पिक्सेलचा एक रिकामा चौकोन साचा म्हणून करा. त्यात वरून ३४० पिक्सेलवर एक आडवी मार्गरेषा डोळ्यांसाठी, ५२० वर दुसरी हनुवटीसाठी आणि बरोबर मध्ये, ४०० वर, एक उभी रेषा चेहऱ्याच्या मध्यासाठी ओढा. डोळे डोक्याच्या साधारण निम्म्यावर असतात, त्यामुळे वर केसांनाही पुरेशी जागा राहते आणि खाली छातीचा थोडा भाग येतो.

आता प्रत्येक फोटोत डोळे ते हनुवटी हे अंतर मोजायचं. समजा, ते ४५० पिक्सेल भरलं. साच्यात ते १८० हवं आहे, म्हणजे फोटो ४० टक्क्यांवर आणायचा. दुसऱ्या फोटोत तेच अंतर ९० पिक्सेल असेल तर फोटो दुप्पट करावा लागेल आणि चेहरा धुरकट होईल. असा फोटो परत मागवावा. तो बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेला असतो. तिथे फोटो लहान होऊन पोचतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितला तर मूळ आकारात येतो.

मात्र शक्य असेल तर मासिक बैठकीच्या दिवशी सगळ्यांचे फोटो एकाच जागी काढावेत. प्रकाशाची दिशा नंतर संगणकावर दुरुस्त करता येत नाही. एकाच्या डाव्या गालावर ऊन आणि दुसऱ्याच्या उजव्या, असं असेल तर माप तंतोतंत जुळूनही ओळ विस्कटलेली दिसते. व्हरांड्याची सावली उत्तम. माणसाचं तोंड उजेडाकडे हवं. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून दीडदोन मीटर लांब उभं राहावं आणि दुप्पट झूम वापरावा. फार जवळून फोटो काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात.

मागे काय असावं, इथे बरेचजण चुकतात. पांढरी भिंत सोपी वाटते. पण साठीतले काका पांढरे केस आणि पांढरा झब्बा घेऊन तिच्यासमोर उभे राहिले की खांदा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली हे कळत नाही. काळ्या पडद्यासमोर काळ्या केसांचं तेच होतं. मध्यम राखाडी किंवा फिकट निळी साधी चादर दोघांनाही चालते. माणूस चादरीपासून मीटरभर तरी पुढे उभा असावा, नाहीतर त्याची सावली चादरीवर पडते आणि चादरीचा रंग केसांच्या कडांवर उतरतो. छातीपर्यंतचा भाग फोटोत आलाच पाहिजे. खांदे साच्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचले नाहीत तर कापलेला माणूस हवेत तरंगताना दिसतो.

कापण्यासाठी GIMP हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. त्यातल्या Foreground Select या साधनाने माणसाभोवती सैलसर वर्तुळ काढायचं, एंटर दाबायचं, मग चेहरा, केस, कपडे यांवरून ब्रश फिरवायचा आणि पुन्हा एंटर. प्रोग्राम कडा स्वतः शोधतो. निवड झाल्यावर पार्श्वभूमी खोडरबराने पुसून टाकू नका. Layer → Mask → Add Layer Mask इथे जाऊन Selection निवडा. मास्कमध्ये काळ्या रंगाने रंगवलेला भाग झाकला जातो, पांढऱ्याने रंगवलेला परत दिसतो. कानाचा तुकडा चुकून गेला असेल तर तो असा परत आणता येतो. पुसलेला पिक्सेल मात्र गेला तो गेलाच.

खरी कसोटी केसांची. कडेला राखाडी चादरीची बारीक रेघ राहते आणि गडद पानावर ती डोक्याभोवती वलयासारखी चमकते. म्हणून तपासताना माणसाच्या खाली दोन थर ठेवावेत, एक पांढरा आणि एक गडद, आणि १०० टक्के आकारात आळीपाळीने पाहावं. फिकट रेघ गडद थरावरच दिसते, काळपट मळ पांढऱ्यावरच. एकाच रंगावर तपासलं तर निम्मे दोष सुटतात. रेघ दिसली तर मास्कला हात न लावता मूळ चित्रावर या. केसांचाच रंग उचला, ब्रशचा मोड Darken only करा आणि कडेवरून हलकेच फिरवा. केस तसेच राहतात, फक्त फिकट पिक्सेल गडद होतात. पांढऱ्या केसांवर हा उपाय चालत नाही. तिथे निवड एखाद्या पिक्सेलने आत घ्यावी आणि उडणाऱ्या दोनचार बटा सोडून द्याव्यात.

झुमक्यांच्या आतली पोकळी आणि चष्म्याची काडी व कानशील यांच्यामधली फट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिथे चादर तशीच राहते. जास्त उणे नंबरच्या चष्म्यात काचेच्या बाहेरच्या कडेला मागची चादर दिसते. तो भाग कापला तर चष्म्याला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून कापू नये. रंग काढून फिका करावा.

शेवटी PNG म्हणून निर्यात करा. JPEG मध्ये पारदर्शकता टिकत नाही, मागे सपाट रंग भरला जातो. आणि चेहऱ्याभोवतीची रिकामी जागा छाटण्याचा मोह टाळा. ती जागा मापाचाच भाग आहे. ती छाटली की प्रत्येक फाइलचा आकार वेगळा होतो आणि वेबसाइट चेहरे पुन्हा आपल्या मनाने ताणते.

मोठे PNG मोबाइलवर पान संथ करतात. ImageMagick बसवलेलं असेल तर फोटोंच्या फोल्डरमध्ये आधी `web` नावाचं रिकामं फोल्डर करा आणि एकदाच हे चालवा:

```
magick mogrify -path web -format webp -resize 480x480 -quality 82 *.png
```

WebP मध्ये पारदर्शकता राहते आणि फाइल बरीच हलकी होते. पानावर चेहरा २४० पिक्सेलचा दिसणार असेल तर ४८० चा फोटो मोबाइलच्या दाट पडद्यावरही स्पष्ट राहतो.

GIMP च्या मूळ XCF फाइली, रेषांचा साचा आणि ती चादर सांभाळून ठेवा. व्हरांड्याची कुठली बाजू घेतली आणि फोन किती अंतरावर धरला, हे त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नवे सभासद येतील तेव्हा हे काम बहुधा दुसऱ्याच कुणाकडे असेल.