फरशीचा रंग आणि फरशीचा आवाज

नव्या फ्लॅटमध्ये फरशी बसवून झाली की घरमालकाच्या दोन तक्रारी वारंवार निघतात. खोलीच्या एका भागातल्या टाइल्स बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाच्या दिसतात, आणि चालताना काही टाइल्स पोकळ वाजतात. ठेकेदाराकडे या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच वाक्यात जातात, ‘काम नीट झालेले नाही’ अशा मोघम शब्दांत. मात्र दोन्ही दोषांची कारणे वेगळी असतात आणि पुरावाही वेगळा असतो. तक्रारीत ते वेगळे मांडले, तरच तिला वजन येते.

उदाहरणासाठी सुमारे 18 बाय 12 फुटांचा एक हॉल घेऊ. 600 बाय 600 मिलिमीटरच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या दोन बाय दोनच्या, व्हिट्रिफाइड टाइल्स त्यात लांबीत 9 आणि रुंदीत 6 बसतात, एकूण 54. स्कर्टिंगसाठी आणखी 5 टाइल्स कापाव्या लागतात. एका खोक्यात 4 टाइल्स धरल्या आणि तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त घेतल्या, तर 17 खोकी एकदम आणायला हवी होती. मालासह काम घेतलेल्या ठेकेदाराने 12 खोकी आणली. त्या 48 टाइल्सपैकी 5 स्कर्टिंगला गेल्या, एक फुटली, आणि उरलेल्या 42 मध्ये सात ओळी भरल्या. आठवी आणि नववी ओळ काही दिवसांनी आणलेल्या 3 खोक्यांतून लागली. या दोन ओळी बाल्कनीलगतच्या, त्यामुळे उजेड नेमका तिथेच जास्त आणि फरकही तिथेच उठून दिसणारा.

डिझाइन तेच, कंपनी तीच, तरी रंग का बदलतो? माती आणि ग्लेझ यांचे मिश्रण प्रत्येक उत्पादनात थोडे बदलते आणि भट्टीचे तापमानही तंतोतंत तेच राहत नाही. भाजताना टाइल किती आकसते यातही फरक पडतो, म्हणून दोन बॅचमध्ये आकाराचाही किंचित फरक असू शकतो. याच कारणाने खोक्यावर डिझाइनच्या नावाखेरीज बॅच किंवा शेड क्रमांक छापलेला असतो. एका खोलीत लागणाऱ्या सगळ्या खोक्यांवर तो एकच असायला हवा. तो जुळवून पाहणे आणि टाइल्स आधी कोरड्याच मांडून बघणे हे काम बसवण्यापूर्वीचे. टाइल बसवल्यानंतर शेडची तक्रार चालणार नाही, असे खोक्यावर किंवा बिलावर अनेकदा लिहिलेले असते. मालासह काम घेतलेला ठेकेदार या वाक्याकडे बोट दाखवून सुटू शकत नाही, कारण माल निवडणारा, खोकी उघडणारा आणि टाइल बसवणारा तोच असतो. माल मालकाने आणला असेल आणि ठेकेदाराची फक्त मजुरी असेल, तर ही बाजू कमजोर होते. तरीही फरक दिसत असताना न विचारता काम पुढे रेटले, हा आक्षेप उरतोच.

संगमरवरासारख्या दिसणाऱ्या काही टाइल्समध्ये नक्षी मुद्दाम वेगवेगळी दिलेली असते, तो दोष नव्हे. तिथे फरक सगळ्या खोलीत विखुरलेला असतो. बॅचचा फरक मात्र एका सरळ रेषेपाशी सुरू होतो. आपल्या हॉलमध्ये तो सातव्या आणि आठव्या ओळींमधल्या सांध्यावर आहे. दिवसाच्या उजेडात उभ्याने काढलेला फोटो, दोन्ही वेळच्या खोक्यांवरचे छापील क्रमांक आणि दोन बिले एवढ्यावर ही तक्रार उभी राहते. म्हणून रिकामी खोकी भंगारात जाऊ देऊ नयेत.

आवाजाचा दोष ओळखायला जास्त कष्ट पडतात. लाकडी दांडक्याने किंवा नाण्याने प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठोकायची. खाली माल भरलेला असेल तर आवाज घट्ट येतो, पोकळी असेल तर बद्द. बद्द वाजणाऱ्या जागेवर चिकटपट्टी लावून कागदावर 9 ओळींचा आणि 6 रकान्यांचा नकाशा करायचा. समजा 54 पैकी 11 टाइल्स पोकळ निघाल्या. त्यांतल्या चार फक्त एका कोपऱ्यात वाजतात, सात मात्र जवळजवळ पूर्ण. नकाशात हा भेद दाखवायलाच हवा, कारण नुसता आवाज म्हणजे टाइल निकामी, असे नसते. भिंतीलगतची, वर्दळ नसलेली आणि एखाद्या बोटभर जागेत वाजणारी टाइल वर्षानुवर्षे टिकू शकते. दारातली, सोफ्याच्या पायाखालची किंवा पायाखाली हलणारी टाइल टिकणार नाही. तिचा सांधा आधी भेगाळतो, मग कोपरा फुटतो.

पोकळी का राहिली हे एक टाइल उचलल्यावरच नक्की कळते. ती ठेकेदाराच्या समोर, फोटो काढत उचलावी. टाइलची पाठ स्वच्छ निघाली आणि सगळा माल खाली राहिला, तर माल टाइलला धरलेलाच नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे सिमेंटच्या नुसत्या घोळाला तिच्यात शिरायला वाव नसतो. पाठीवरची पांढरी भुकटी पुसली नसेल तर पकड आणखी कमी. म्हणूनच अशा टाइल्ससाठी अॅडहेसिव्ह वापरतात. भारतात त्यासाठी आयएस 15477 हे मानक आहे. माल टाइलला चिकटून आला आणि खालचा थर कोरडा, भुसभुशीत निघाला, तर दोष बेडच्या मिश्रणाचा किंवा खालच्या धुळीचा. आणि पाठीवर चार-पाच गोळे तेवढे दिसले, मधली जागा रिकामी, तर अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरवण्याऐवजी ठिपके देऊन काम उरकलेले आहे. खोलीच्या आतल्या कोरड्या भागात टाइलच्या पाठीचा किमान 80 टक्के भाग मालाला टेकलेला असावा, बाथरूमसारख्या ओल्या जागी 95 टक्के, असा या धंद्यातला सर्वसाधारण संकेत आहे.

दोन्ही दोष एकमेकांत गुंततात ते दुरुस्तीच्या वेळी. पोकळ टाइल काढताना ती बहुधा फुटते, आणि तिच्या जागी पहिल्या बॅचची टाइल मिळाली नाही तर खोलीच्या मध्येच तिसऱ्या रंगाचा चौकोन उमटतो. सांध्यातून इपॉक्सी किंवा ग्राउट सोडून पोकळी भरण्याचा उपाय ठेकेदार सुचवतो. थोड्या पोकळीला तो चालतो. पण जिथे पकडच सुटली आहे तिथे आवाज बुजतो आणि टाइल सैलच राहते. म्हणून तक्रारीतली मागणी एकत्र हवी: पहिल्या बॅचच्या क्रमांकाची खोकी विक्रेत्याकडून शोधून आठवी-नववी ओळ आणि सात पूर्ण पोकळ टाइल्स बदलाव्यात, ती बॅच मिळत नसेल तर संपूर्ण हॉल एकाच बॅचमध्ये नव्याने करावा. आपल्या हॉलमध्ये सात पोकळ टाइल्सपैकी तीन शेवटच्या दोन ओळींतल्याच असतील, तर बदलायच्या टाइल्स 12 अधिक 4, म्हणजे 16. तेवढ्यासाठी 4 खोकी लागतात. फुटतूट धरून 5 मागावीत.

पत्रात कामाची तारीख, ठरलेला दर, दिलेली आणि बाकी रक्कम, नकाशा, फोटो, बॅच क्रमांक आणि उचललेल्या टाइलचे निष्कर्ष क्रमाने यावेत. ‘ओळ 8 व 9 मधील 12 टाइल्स वेगळ्या बॅचच्या आहेत, त्या आपण 15 दिवसांत स्वखर्चाने बदलून द्याव्यात’ अशा वाक्याला ठेकेदाराला नेमके उत्तर द्यावेच लागते. दोष दूर होईपर्यंत बाकी रक्कम रोखली असल्याचेही त्यातच लिहावे आणि पत्र स्पीड पोस्टने पाठवावे.

उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. फरशी ठेकेदाराने नव्हे तर बिल्डरने बसवून दिली असेल, तर रेरा कायद्याचे कलम 14 लागू पडते: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.