बारशाच्या फोटोंखाली

बारशाच्या फोटोंखाली नुसतं ‘सर्वांचे आभार’ लिहिलं, की ते कुणालाच पोचत नाही. ज्याने जे केलं ते लिहावं. एका नव्या आईने लिहिलं होतं: ‘आत्याने कानात कुर्र केलं आणि आमची चिऊ ईरा झाली! पणजीच्या लुगड्याची दुपटी आजीने जागून शिवली, मामीने घुगऱ्या केल्या, काकूने पाळणा सजवला. बायका पाळणे म्हणत होत्या, तेव्हा बाईसाहेब गाढ झोपलेल्या. सगळ्यांना मनापासून नमस्कार!’

नाव पहिल्याच ओळीत आलं, त्यामुळे लांबच्या मावशीला फोन करून विचारावं लागलं नाही. कुणी राहून गेलं असेल तर मात्र लगेच भर घाला. बारशातले रुसवे लग्नापर्यंत टिकतात.