पाइप सांगेल तेव्हाच पाणी

भात पाण्यात उभे राहते, म्हणून त्याला सतत उभे पाणी लागते असे आपण धरून चालतो. खरे तर रोपाला पाणी मुळांशी हवे असते. वर साचलेले पाणी तण दाबते, पण त्यातले बरेचसे जमिनीत झिरपून, बांधातून पाझरून आणि उन्हाने उडून जाते. बांधीत पाणी जितके उंच, तितका झिरपा जास्त.

पाणी किती खाली जाऊ द्यायचे, याचे उत्तर फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एका साध्या पाइपातून दिले. सुमारे 30 सेंटिमीटर लांबीचा प्लॅस्टिकचा किंवा बांबूचा तुकडा घ्यायचा, खालच्या 20 सेंटिमीटरला चोहीकडून भोके पाडायची, तेवढाच भाग जमिनीत दाबायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाइपात दिसते ती भुईखालची पाण्याची पातळी.

रोवणीनंतर एक-दोन आठवडे बांधीत पाणी ठेवावे. तण फार असेल तर आणखी दोन-तीन आठवडे थांबावे. मग पाणी आटू द्यायचे. वरची माती सुकते, बारीक भेगा दिसतात, शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. पण पाइपातले पाणी भुईच्या खाली 15 सेंटिमीटरपर्यंत असेल, तोवर मुळांना ओल मिळते आणि उतारा घटत नाही. तिथवर उतरले की पुन्हा 5 सेंटिमीटर पाणी भरायचे. एकरी ही एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. हंगामात अशा काही पाळ्या वाचल्या की 15 ते 30 टक्के बचत होते.

एका काळात मात्र हा खेळ करायचा नाही. धान फुलोऱ्यात येण्याच्या आठवडाभर आधीपासून नंतरच्या आठवड्यापर्यंत पाणी उभे हवे. तेव्हा ताण बसला तर दाणा भरत नाही, लोंब पोचट राहते. युरियाही सुकल्या जमिनीवर टाकून लगेच पाणी द्यावे, म्हणजे तो मुळांकडे उतरतो.

रेताड जमिनीत पाणी झपाट्याने खाली जाते, तिथे ही पद्धत फारशी उपयोगी नाही. भारी जमिनीत भेगा खोल गेल्या तर पुढचे पाणी त्यांतूनच निघून जाते. कोकणातल्या पावसाळी खाचरात पाणी आटवणे आपल्या हातात नसते. भंडारा-गोंदियाच्या उन्हाळी धानाला मात्र ही पद्धत लागू पडू शकते.

फिलिपिन्समधल्या तार्लाक प्रांतात 2002च्या सुमारास ती आधी खोल विहिरींवरच्या पंपांच्या शेतात वापरून पाहिली गेली. तिथे पंपाच्या इंधनाचा खर्च शेतकऱ्याच्याच खिशातून जात होता, म्हणून वाचलेली पाळी त्याला थेट पैशांत दिसली. कालव्यावर एकरी ठरावीक पाणीपट्टी असेल, तर पाणी वाचवून शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यातून पाळी कधी येईल याचा भरवसा नसला, तर मिळेल तेव्हा बांधी भरून ठेवणेच त्याला शहाणपणाचे वाटते. म्हणून कालव्याच्या शेतात पाइप रोवण्याआधी पाळीच्या तारखा ठरवून त्या पाळाव्या लागतील, आणि ते काम पाटबंधारे खात्याचे आहे.