डोळे उघडे, लक्ष मिटलेले

पडद्याच्या मध्यभागी एकाच जागी काळी अक्षरे एकामागून एक झळकत आहेत, सेकंदाला सुमारे अकरा. त्यात एकच अक्षर पांढरे आहे. ते ओळखायचे आणि त्यानंतर ‘एक्स’ येऊन गेला का, हेही सांगायचे. हा प्रयोग जेन रेमंड, किमरॉन शपिरो आणि कॅरन आर्नेल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात दिसलेल्या त्रुटीला ‘अटेन्शनल ब्लिंक’, म्हणजे अवधानाचा निमेष, असे नाव दिले.

समजा, पांढरे अक्षर ‘जी’ आहे आणि ‘एक्स’ त्यानंतर तिसरा, म्हणजे सुमारे २७० मिलिसेकंदांनी येतो. ‘जी’ अचूक सांगणारा माणूसही पुष्कळदा ‘एक्स नव्हता’ असे ठामपणे सांगतो. त्याच माणसाला पांढरे अक्षर सोडून फक्त ‘एक्स’ शोधायला सांगितले, की अक्षरांचा वेग तोच असूनही ‘एक्स’ बहुतेक वेळा सापडतो. म्हणजे दोष डोळ्यांचा नाही. पहिले अक्षर टिपण्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. पहिल्या अक्षरानंतर साधारण २०० ते ५०० मिलिसेकंद ही चूक सर्वाधिक होते.

गंमत अशी, की ‘एक्स’ पांढऱ्या अक्षराला अगदी लागून आला तर तो सहसा निसटत नाही. जणू दार लोटून घेण्याआधी तोही आत शिरतो. मात्र अशा वेळी कोणते अक्षर आधी आले, याचा क्रम अनेकदा उलटा सांगितला जातो.

न दिसलेल्या गोष्टीचे मेंदूत काय होते? स्टीव्हन लक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अक्षरांऐवजी शब्द वापरून याचा शोध घेतला. आधी दिलेल्या शब्दाशी विसंगत शब्द समोर आला, की मेंदूच्या विद्युतलहरींत सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक विशिष्ट बदल उमटतो. निमेषात निसटलेल्या शब्दांनाही तो तसाच उमटला. अर्थ मेंदूपर्यंत पोहोचला होता. तो सांगता येईल इतका स्मृतीत पक्का झाला नव्हता. मार्विन चुन आणि मेरी पॉटर यांचा १९९५ चा सिद्धांतही हेच सुचवतो: ओळख पटण्याचा पहिला टप्पा वेगवान असतो, पण पक्के करण्याचा दुसरा टप्पा संथ असतो. तो पहिल्या अक्षरात गुंतलेला असताना दुसरे ताटकळते आणि मागून आलेली अक्षरे त्याला पुसून टाकतात. म्हणूनच दुसरे लक्ष्य मालिकेत अगदी शेवटी ठेवले, पुसायला मागे काहीच नसले, तर निमेष जवळपास नाहीसा होतो.

तरीही केवळ ‘क्षमता संपली’ म्हणून हे सारे उलगडत नाही. एकाच प्रकारची तीन लक्ष्ये सलग दाखवली, तर तिसरेही बरेचदा ओळखता येते, असे विन्सेंट दी लोलो आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये आढळले. त्यामुळे निमेषाचे कारण क्षमतेची मर्यादा, की मध्येच घुसलेल्या नको त्या अक्षराने बिघडवलेली निवड, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.