गिझरचा बोर्ड तापतोय: वायरमनला काय कळवाल?

‘दादा, बोर्ड गरम होतोय, एमसीबी पडतेय, येऊन जा.’ असे निरोप वायरमनच्या फोनवर रोज पडत असतात. त्यावरून त्याला एवढंच कळतं की यायचंय. मग तो येतो, बघतो आणि ‘सामान घेऊन येतो’ म्हणून जातो, तो थेट परवा उगवतो.

हाच निरोप असा लिहिला तर?

‘दादा, नमस्कार. बाथरूमबाहेरच्या गिझरच्या बोर्डाबद्दल लिहितोय. त्यात १६ अँपियरचं सॉकेट आणि त्याला लागूनच एमसीबी आहे, तिच्यावर सी १६ लिहिलंय. गिझर २५ लिटरचा, २००० वॉटचा. चालू केल्यावर दहाएक मिनिटांत एमसीबीच्या बाजूची प्लेट चांगलीच गरम लागते, सॉकेटची बाजू नुसती कोमट. वीसेक मिनिटांनी एमसीबी पडते. लगेच वर केली तर थोड्याच वेळात पुन्हा पडते. अर्धा तास थांबून केली तर पहिल्याइतकीच चालते. घरातली बाकीची लाईट जात नाही, मेनजवळची आरसीसीबीही पडत नाही. त्याच सॉकेटवर १००० वॉटची इस्त्री चालवली तेव्हा पडली नाही. ठिणगी दिसली नाही, पण जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि एमसीबीच्या कडेला पिवळट डाग पडलाय. सध्या गिझर बंद ठेवलाय. फोटो पाठवतोय.’

यात ‘शॉर्ट सर्किट झालंय’ असं कुठेही नाही, आणि ते नाही हेच बरं. निदान वायरमन करेल. आपण दिसलं, लागलं, वास आला तेवढं सांगायचं.

यातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे ती वीस मिनिटं. एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. शॉर्ट झालं की चुंबकाची यंत्रणा क्षणात खटका पाडते. दुसरी यंत्रणा म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. ती तापली की हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली की खटका पडतो. वीस मिनिटांनी पडणारी एमसीबी या पट्टीमुळे पडते. लगेच वर केल्यावर ती टिकत नाही, कारण पट्टी अजून गार झालेली नसते.

पण पट्टी तापावी कशाने? २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास घेतो. सोळाची एमसीबी १८ अँपियरवरसुद्धा तासभर पडू नये, असा तिचा नियम आहे. म्हणजे भार जास्त झालेला नाही. उष्णता बाहेरून येतेय, आणि प्लेट कुठे गरम लागते ते पाहिलं तर एमसीबीच्या स्क्रूपाशी संशय जातो. तिथे तार सैल झाली की तेवढ्या जागी रोध वाढतो. तो ०.२ ओहम धरला तरी या प्रवाहाला पंधराएक वॉट उष्णता त्या एका स्क्रूपाशी तयार होते, आणि ती आतल्या पट्टीपर्यंत पोचते. इस्त्रीला प्रवाह निम्मा लागतो, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे ती पावच उरते. म्हणून इस्त्रीवर खटका पडला नाही.

आरसीसीबी पडली नाही, हे लिहिणंही महत्त्वाचं. ती पडत असती तर गळती शोधावी लागली असती, बहुतेकदा गिझरच्या हीटिंग एलिमेंटमध्ये, आणि मग बोर्ड उघडून फारसं हाती लागलं नसतं.

पाहणी करताना एक मर्यादा पाळायची: कोरड्या हाताची मागची बाजू बाहेरून प्लास्टिकला लावायची, एवढंच. प्लेट खोलायची नाही. जळका वास किंवा डाग दिसल्यावर ‘किती मिनिटं चालतो ते बघू’ म्हणून पुन्हा गिझर लावायचा नाही. मेन बंद करून मगच फोन करायचा.

असा निरोप वाचून आलेला वायरमन सोबत नवी सोळाची एमसीबी आणतो. मेन बंद करून, टेस्टरने तपासून काळवंडलेली तार मागे कापतो, चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलतो आणि स्क्रू घट्ट आवळतो. आतून तापलेली जुनी एमसीबी ठेवण्यात अर्थ नसतो, ती बदलावी.

कुणी मात्र ‘पडतेय ना, मग ३२ ची टाकू’ म्हणाला तर ठाम नाही म्हणा. तार अडीचची असेल, तर ३२ ची एमसीबी तिचं रक्षण करत नाही. सैल जोडही तसाच राहतो, फक्त खटका पडायचा थांबतो. काम झाल्यावर पैसे देण्याआधी गिझर लावून पाणी पूर्ण तापू द्या. थंड पाण्याला अर्धा तास लागतो. तोवर वायरमनला चहा पाजा आणि त्याच्यासमोरच प्लेटला हात लावून बघा.